काचेवर सोन्याचा वर्ख: आतून उलटं, बाहेरून सुलटं

दुकानाच्या काचेवरची सोनेरी अक्षरं रस्त्यावरून पाहिली की आरशासारखी लखलखतात. ही अक्षरं काचेच्या बाहेरच्या बाजूला नसतात. सोन्याचा वर्ख आतल्या बाजूने काचेला चिकटवलेला असतो आणि आपल्याला दिसतो तो वर्खाचा काचेला टेकलेला, गुळगुळीत चेहरा. चकाकी काचेची असते, रंग सोन्याचा. वर्ख बाहेरून लावला तर ही आरशाची चमक येत नाही, शिवाय धूळ, पाऊस आणि पुसणाऱ्याचा हात यांच्यापुढे तो फार टिकतही नाही.

आतून काम करायचं म्हणजे अक्षर उलटं काढायचं, एवढं सगळ्यांच्या लक्षात येतं. कामाचा क्रमही उलटतो, हे मात्र बऱ्याच जणांना उशिरा कळतं. भिंतीवर किंवा पाटीवर आपण आधी सावली, मग अक्षर, मग बाह्यरेषा आणि शेवटी चमक अशा थरांनी पुढे येतो. काचेवर जे सर्वांत आधी लावलं तेच बघणाऱ्याच्या सर्वांत जवळ राहतं. म्हणून सोनं पहिलं, त्यामागे अक्षराच्या आकाराचा रंग, मग बाह्यरेषा आणि सगळ्यात शेवटी सावली. एकदा थर लागला की त्याच्या पुढच्या बाजूला काहीही दुरुस्त करता येत नाही, कारण पुढे काच आहे.

इथे एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो. अक्षरं साधी, पूर्ण चकाकीची, काळ्या बाह्यरेषेची आणि एका बाजूच्या सावलीची. शब्द ‘पिशवी’, समजा पिशव्यांच्या दुकानाचं नाव. शिरोरेखा 56 सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर जाड. शिरोरेखेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंत 14 सेंटिमीटर आणि वर वेलांट्यांसाठी 4 सेंटिमीटर, म्हणजे एकूण उंची 18. हा शब्द मुद्दाम निवडला आहे, कारण त्यात पहिली वेलांटीही आहे आणि दुसरीही. उलट्या देवनागरीतला सगळ्यात मोठा सापळा तिथेच आहे.

उलटी वेलांटी

‘पिशवी’ आरशात धरा. डावीकडून पहिल्यांदा दिसते ती ‘वी’ची वेलांटी, आणि ती हुबेहूब पहिल्या वेलांटीसारखी दिसते. अगदी उजव्या टोकाला ‘पि’ची वेलांटी असते, आणि ती दिसते दुसरीसारखी. काचेच्या आत उभं राहून ब्रश चालवताना डोळा हे ‘सुधारायला’ बघतो. हात वर्षानुवर्षं एकाच दिशेने वळलेला असतो, त्यामुळे ‘प’चं पोट आणि ‘व’चा गोल उलट काढताना आपण सावध असतो, पण वेलांटी ओळखीची दिसली की तिचा बाक नकळत सरावाप्रमाणे काढला जातो. बाहेरून पाहिल्यावर वेलांटी अक्षरावर टेकण्याऐवजी भलतीकडे झुकलेली दिसते.

म्हणून उलटं अक्षर हाताने काढायचंच नाही. अक्षर सुलटं काढायचं आणि कागद उलटायचा. अक्षरांमधलं अंतर, गोलाईचं वजन, वेलांटीचा तोल हे सगळं डोळ्याला सुलटंच नीट जोखता येतं. उलट्या आकृतीत अंतरं चुकली तरी ती खटकत नाहीत, आणि खटकत नाहीत म्हणूनच ती तशीच राहून जातात.

जरा जाड ट्रेसिंग पेपरवर शब्द पूर्ण मापात, सुलटा काढा. मग दातेरी चाकाने किंवा बारीक सुईने रेषेवरून छिद्रं पाडा. सरळ रेषांवर तीन-तीन मिलिमीटरवर एक छिद्र पुरतं, वळणांवर दीड ते दोन मिलिमीटरवर हवं. सुई खालच्या बाजूला बाहेर पडते तिथे कागदाचे बारीक कंगोरे उभे राहतात. ते अगदी बारीक पॉलिश पेपरने हलके घासून काढा, नाहीतर भुकटी छिद्रातून नीट उतरत नाही. हा छिद्रांचा कागद दोन्ही बाजूंनी चालतो. काढलेली बाजू आपल्याकडे असेल तर शब्द सुलटा, काढलेली बाजू काचेकडे केली तर उलटा. म्हणजे आकृती उलटण्याचं सगळं काम कागद पालटण्याइतकं सोपं होतं. कागद कसाही लावला तरी छिद्रं सारखीच दिसतात, म्हणून काढलेल्या बाजूच्या कोपऱ्यात ठळक ‘काचेकडे’ असं लिहून ठेवा.

संगणकावर अक्षर तयार करणाऱ्यांसाठी एक सूचना. शब्द आधी आकृतीत रूपांतरित करा, म्हणजे तो टाइप केलेला मजकूर राहणार नाही, आणि मग आडवा उलटा करा. देवनागरी नीट न जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा फाँट नसलेल्या संगणकावर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. सुलट्या मजकुरात हे क्षणात दिसतं, उलट्यात कोणाच्याच लक्षात येत नाही. छापून आलेला कागद उजेडावर धरून मागून वाचा आणि मगच छिद्रं पाडायला घ्या.

काच पाहणं आणि धुणं

कामाला हात लावण्याआधी काचेला आतून ऊन रोखणारी फिल्म लावली आहे का, ते पाहा. कडेला नख लावलं की कळतं. फिल्मवर वर्ख लावू नका. ती ओरखडते आणि कधीतरी निघते, निघताना अक्षरंही घेऊन जाते. दुहेरी काच असेल तर अक्षर आतल्या काचेच्या आतल्या पाठीवर येतं, आणि बाहेरून पाहताना मधल्या काचांची प्रतिबिंबं त्यावर पडतात. काम होतं, पण चकाकी थोडी दबते. हे मालकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

धुण्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. पाठीला बोटाचा ठसाभर जरी तेलकटपणा राहिला तरी तिथे वर्ख धरत नाही, किंवा धरतो आणि ढगाळ दिसतो. आधी ब्लेडने जुना रंग आणि टेपचा गोंद खरवडा. मग व्हायटिंग, म्हणजे खडूची मऊ पूड, पाण्यात कालवून काचेवर चोळा आणि वाळल्यावर पुसा. त्यानंतर स्वच्छ सुती कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. घरात काच पुसायला वापरतात ते फवारे नकोत, कारण त्यातले काही मागे थर सोडतात. शेवटी साध्या पाण्याने काच ओली करून बघा. पाण्याचा पडदा सलग उतरला तर काच तयार आहे. कुठे पाणी फाटून थेंब थेंब होत असेल तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा व्हायटिंग घ्या. या तपासणीनंतर त्या जागेला हात लावायचा नाही.

साइझ: जिलेटिनचं पाणी

काचेवर वर्ख धरून ठेवतं ते अत्यंत पातळ जिलेटिनचं पाणी. कारागिरांच्या भाषेत साइझ. प्रमाण इतकं कमी असतं की नवख्याला विश्वास बसत नाही. अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्याला 00 नंबरची एक रिकामी जिलेटिन कॅप्सूल. औषधांसाठी विकतात तीच. मात्र ती जिलेटिनचीच असायला हवी. आजकाल शाकाहारी कॅप्सूलही तशाच दिसतात, पण त्या सेल्युलोजच्या असतात आणि त्यांचा साइझ होत नाही. पाकिटावर वाचून घ्या.

वाटीभर थंड पाण्यात कॅप्सूल मऊ होऊ द्या, मग ते पाणी जिलेटिन पूर्ण विरघळेपर्यंत तापवा आणि उरलेल्या पाण्यात मिसळा. जिलेटिन खळखळून उकळत ठेवू नका, त्याने त्याची पकड कमी होते. मिश्रण बारीक कापडातून किंवा कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. न विरघळलेला एक कणही सोन्यामागे फुगवट्यासारखा दिसतो. साइझ ताजाच वापरायचा. रात्रभर ठेवलेला टाकून द्या, तो लवकर खराब होतो.

जास्त जिलेटिन घातलं तर वर्ख जास्त घट्ट बसेल, असं वाटतं. होतं उलटंच. जिलेटिनचा थर सोनं आणि काच यांच्या मध्ये असतो. तो जाड झाला की सोनं बाहेरून दुधाळ दिसतं आणि वर-खाली ओघळांच्या रेषा उमटतात. कमी पडलं तर सुकलेला वर्ख कापसाच्या स्पर्शाने निघतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी काचेच्या तुकड्यावर एक वर्ख लावून, सुकवून, कापूस फिरवून पाहावा. कापूस स्वच्छ राहिला आणि समोरून सोनं स्वच्छ दिसलं तर प्रमाण जमलं.

वर्खाची मांडणी

यासाठी सुटा वर्ख लागतो, पातळ कागदाच्या वहीत पानांमध्ये ठेवलेला. कागदाला चिकटवलेला वर्ख इथे उपयोगाचा नाही, कारण पाण्याकडे झेप घ्यायला वर्ख मोकळा असावा लागतो. काचेसाठी 23 कॅरटच्या आसपासचा, काचेच्या कामासाठी म्हणून निवडलेला वर्ख घ्या, त्यात छिद्रं कमी असतात. नेहमीचं पान 80 मिलिमीटर चौकोनी असतं आणि वहीत 25 पानं येतात. पितळेचा नकली वर्ख जाड असतो. या पातळ साइझवर तो नीट बसत नाही आणि पुढे काळवंडतो.

आता ‘पिशवी’चा हिशेब. पानं एकमेकांवर 5 मिलिमीटर चढवायची, म्हणजे प्रत्येक पान पुढे 75 मिलिमीटर सरकतं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर मोकळा धरला तर रुंदी 58 सेंटिमीटर होते. आठ पानं साडेसाठ सेंटिमीटर व्यापतात, म्हणजे ओळीत आठ पानं. उंचीला तीन ओळी 23 सेंटिमीटर व्यापतात. एकूण 24 पानं. कागदावर एक वही पुरते, प्रत्यक्षात दोन घ्या. फाटलेली पानं आणि दुसरा हात यांना दुसरी वही लागते.

ओळी कुठून सुरू करायच्या, याला या लिपीत महत्त्व आहे. दोन ओळींच्या जोडावर सोनं दुहेरी असतं, तिथे बारीक रेघ दिसू शकते आणि तुटक कोपरेही तिथेच राहतात. ही रेघ शिरोरेखेत आली तर शब्दभर आडवी धावते आणि रस्त्यावरूनही दिसते. म्हणून पहिली ओळ वेलांटीच्या माथ्याच्या एक सेंटिमीटर वरून सुरू करा. मग शिरोरेखा वरून 5 ते साडेसहा सेंटिमीटरमध्ये येते आणि पहिला जोड साडेसात ते आठमध्ये, म्हणजे शिरोरेखेच्या एक सेंटिमीटर खाली. जोडाची रेघ आता फक्त उभ्या दांड्यांना आणि पोटांना ओलांडते, तिथे डोळा तिच्यावर अडकत नाही. खाली चारेक सेंटिमीटर सोनं वाया जातं. जाऊ द्या.

वर्ख कुठवर लावायचा, हे कळण्यासाठी छिद्रांचा कागद बाहेरच्या बाजूने सुलटा टेपने लावा. आतून तो उलटा दिसतो आणि त्यावर अंदाजाने पानं मांडता येतात. जुळवणीच्या खुणा मात्र आतल्याच पाठीवर करा. सोन्याच्या क्षेत्राबाहेर चार कोपऱ्यांत, काचेवर उठणाऱ्या मेणाच्या पेन्सिलीने चार फुल्या काढा आणि तशाच चार फुल्या कागदावरही ठेवा. बाहेरच्या खुणांवर विसंबू नका. काच आठ-दहा मिलिमीटर जाड असेल तर जरा तिरकं पाहिलं तरी खूण सरकलेली दिसते.

वर्ख उचलणं आणि सोडणं

पंखा बंद, एसी बंद, दार लोटलेलं. वर्ख साधारण मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतका जाड असतो, श्वासानेही उडतो. काच उन्हात तापलेली नको, नाहीतर साइझ वर्ख पोचण्याआधीच सुकतो.

वर्ख उचलायला खारीच्या केसांचा रुंद, चपटा ब्रश असतो. त्याला टिप म्हणतात. टिप गालावरून किंवा मनगटाच्या आतल्या बाजूवरून एकदा फिरवा. त्वचेचं नाममात्र तेल केसांना लागतं, वर्ख उचलायला तेवढं पुरतं. तेल जास्त झालं तर वर्ख टिपलाच धरून बसतो.

दुसऱ्या हातात मऊ, रुंद ब्रश घेऊन वरच्या ओळीतल्या पहिल्या दोन पानांच्या जागेवर साइझ भरपूर फिरवा, ओघळ खाली गेला तरी हरकत नाही. वरून खाली येण्याचं कारणच हे. ओघळ कोऱ्या काचेवरून जातात, लावलेल्या ओल्या सोन्यावरून नाही. वहीचं पान मागे दुमडा. टिपच्या केसांची टोकं वर्खाच्या वरच्या कडेवर साधारण एक सेंटिमीटर टेकवा आणि उचला. वर्ख खाली लोंबकळतो. तो काचेला समांतर धरून जवळ न्या. सेंटिमीटरभर अंतर राहिलं की पाणी त्याला ओढून घेतं आणि तो एका झटक्यात काचेवर पसरतो. हा क्षण पाहायला सुरेख असतो, पण लगेच टिप मागे घ्या. केसांना पाणी लागलं की पुढचा वर्ख त्यांना चिकटून फाटतो. टिप ओली झालीच तर ती वाळू द्या आणि तोपर्यंत दुसरी घ्या. म्हणून दोन टिप जवळ असाव्यात.

काचेवर बसलेला वर्ख सुरकुतलेला, फुगलेला दिसेल. त्याला बोट लावायचं नाही, सरकवायचाही नाही. खालचं पाणी ओसरलं की सुरकुत्या आपोआप ताणल्या जातात. फाटलं असेल तर तसंच राहू द्या, भरणं नंतर. पुढचं पान 5 मिलिमीटर चढवून लावा. ओळ पूर्ण झाली की खालची घ्या.

सुकताना सोनं आधी मंद, मातकट असतं, मग ठिपक्याठिपक्याने उजळत जातं. बाहेर जाऊन पाहा. सगळीकडे सारखी चकाकी आली की सुकलं. हवेत ओल असेल तर वेळ लागतो, तिथे घाई करू नका. मग सुक्या, अगदी मऊ कापसाने न दाबता वरवर पुसा. सैल कण आणि चढवलेल्या कडांचे तुकडे निघून येतात. ते फेकू नका, एका डबीत जमा करा.

आता आतून बाहेरच्या उजेडाकडे पाहा. सोन्यातून प्रकाश हिरवट झिरपतो आणि जिथे सोनं नाही तिथे लख्ख पांढरा ठिपका दिसतो. पांढरे ठिपके आणि भेगा म्हणजे भरायच्या जागा. साइझ अर्धं पाणी घालून पातळ करा. पहिल्या थरावरून तो ब्रशने एकाच फटक्यात लावा, मागे-पुढे घासू नका, पहिलं सोनं सुटेल. मग त्या जागांवर वर्खाचे तुकडे सोडा. मोठ्या कामात मी ठिपके मोजत बसत नाही, सगळ्या क्षेत्रावर सरळ दुसरा थर देतो. पहिल्या थराच्या जोडांवर दुसऱ्याची मधली बाजू येईल असं अर्ध्या पानाने सरकवून लावलं की दोन्हींची छिद्रं एकावर एक फारशी येत नाहीत.

दुसरा थर पूर्ण सुकला की गरम पाण्याने धुणं. पाणी उकळून काही मिनिटं निवू द्या. साध्या, टफन न केलेल्या थंड काचेवर उकळतं पाणी ओतलं तर काच तडकू शकते. रुंद मऊ ब्रशने ते वरून खाली एकदाच वाहू द्या. जास्तीचं जिलेटिन त्याने उतरतं आणि सोनं काचेला आणखी घट्ट बसतं. समोरून पाहिलं तर दुधाळपणा जाऊन खोल चमक आलेली दिसते. काही जण ही पायरी गाळतात. माझ्या मते चांगलं आणि उत्तम काम इथेच वेगळं होतं.

पाठीचा रंग

या वेळी तुमच्या समोर सोन्याचा एक आयत आहे, अक्षर कुठेच नाही. अक्षर ठरतं ते आता सोन्याच्या पाठीवर दिलेल्या रंगाने. रंगाखालचं सोनं राहील, बाकीचं पुसलं जाईल.

छिद्रांचा कागद काढलेली बाजू काचेकडे करून लावा, फुल्यांवर फुल्या बसवा. बारीक कोळशाची भुकटी सुती पुरचुंडीत बांधून ती छिद्रांवरून हलकेच थोपटा. घासू नका, कोळसा खरखरीत असतो आणि सोनं ओरखडतं. कागद काढण्याआधी एक कोपरा उचलून ठिपके उतरले का पाहा. उरलेली भुकटी फुंकून टाका. आता कागदावर नव्हे, ठिपक्यांवर एक नजर टाका. ‘वी’ डावीकडे, ‘पि’ उजवीकडे. मोबाइलवर फोटो काढून तो आडवा उलटा केला आणि शब्द सुलटा वाचता आला, की पुढे जा.

रंग तेलावर आधारलेलाच हवा, लेटरिंगसाठीचा एनॅमल चांगला. पाण्यावरचा रंग साइझ विरघळवतो आणि सोनं जागच्या जागी सरकतं. बहुतेक जण पाठीला काळा देतात. मी पिवळट मातकट रंग देतो. सोन्यात उरलेलं सुईच्या टोकाएवढं छिद्र काळ्यामुळे काळा ठिपका होऊन दिसतं, पिवळ्यामुळे दिसत नाही. रंग फार पातळ करू नका, कडा सरकतात. फार जाड थर उशिरा सुकतो आणि कडेला फुगतो.

हात टेकवायला काठी घ्या, तळवा सोन्याला लागू देऊ नका. पहिल्यांदा शिरोरेखा. तिच्या कडा ताणलेल्या दोरीसारख्या सरळ हव्यात, मग दांड्या, शेवटी गोल आणि वेलांट्या. रंगाची कड म्हणजेच अक्षराची कड, म्हणून इथे घालवलेला वेळ वाया जात नाही. वेलांटी भरताना ठिपक्यांवर विश्वास ठेवा, डोळ्यावर नाही. रंग किमान रात्रभर सुकू द्या, दमट हवेत त्याहून जास्त.

जास्तीचं सोनं काढणं

कापसाचा बोळा ओला करून घट्ट पिळा, त्याला चिमूटभर व्हायटिंग लावा आणि अक्षराच्या बाहेरचं सोनं पुसायला लागा. बोळा कडेला समांतर फिरवा, कडेच्या आत ढकलू नका. पाणी थोडंच हवं. जास्त पाणी रंगाच्या कडेखाली शिरतं आणि तिथलं साइझ मऊ होतं, मग बाहेरून कड कुरतडल्यासारखी दिसते. पुसताना रंगाच्या कडाच निघायला लागल्या तर रंग अजून कच्चा आहे. थांबा, दुसऱ्या दिवशी घ्या.

शिरोरेखेच्या कडेला कुठे रंग पुढे आला असेल तर पट्टी लावून नव्या ब्लेडने एकाच ओढीत कापा. ‘श’ आणि ‘व’च्या आतल्या बारीक जागांसाठी लाकडी काडीला कापूस गुंडाळून घ्या. सोनं लागलेले बोळे डबीतल्या तुकड्यांबरोबर ठेवा. एका वहीत जेमतेम अर्धा ग्रॅम सोनं असतं, पण कामं साठली की डबी रिफायनरकडे नेण्याजोगी होते.

बाह्यरेषा, मग सावली

बाह्यरेषा काळ्या एनॅमलची, तीन मिलिमीटर. ती पाठीच्या रंगावर एक मिलिमीटर चढवा आणि दोन मिलिमीटर कोऱ्या काचेवर येऊ द्या. समोरून चढवलेला भाग सोन्यामागे लपतो आणि सोन्याला लागून नेमकी दोन मिलिमीटरची काळी रेघ दिसते. चढवली नाही तर सोनं आणि रेघ यांच्यामध्ये उजेडाची फट राहते आणि दिवसा ती चटकन डोळ्यात भरते. पाठीच्या बारीक चुकाही या रेषेखाली झाकल्या जात नाहीत. कारण रेषा मागे आहे, झाकण्याचं काम पुढचा थर करतो.

बाह्यरेषा सुकल्यावर सावली. इथे दिशेचा घोळ होतो. रस्त्यावरून सावली खाली-डावीकडे पडलेली हवी असेल तर आतून ती खाली-उजवीकडे काढायची. चित्र सुलट्या कागदावरच काढून कागद पालटलात तर विचार करावाच लागत नाही. सावलीचा रंगही बाह्यरेषेवर थोडा चढवा, ती मागे असल्याने पुढची काळी रेघ तशीच राहते. सावली एका रंगाची, सपाट ठेवा. उतरत्या छटा पहिल्याच कामात घेऊ नका.

शेवटचा थर आणि काळजी

सगळं पक्कं सुकलं की पाठीवर पारदर्शक, तेलाचं, बाहेरच्या कामासाठीचं वॉर्निश द्या. ते अक्षरांच्या कडेपासून तीन मिलिमीटर काचेवर उतरायला हवं, सावलीच्या बाजूनेही. वॉर्निश चमकेसाठी नाही. काच पुसताना पाणी कडेतून जिलेटिनपर्यंत पोचू नये, एवढंच त्याचं काम. कड वॉर्निशशिवाय राहिली तर पाणी तिथूनच शिरतं आणि सोनं पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. थंड हवेच्या दुकानात आतल्या बाजूला दव धरत असेल तर एकावर एक दोन हात द्या.

मालकाला तीन गोष्टी लिहून द्या. पहिला महिनाभर आतल्या बाजूने अक्षरांना हात लावू नये. नंतर आतून पुसताना मऊ, ओलसर कापडच वापरावं; अमोनिया असलेला फवारा किंवा रबरी पट्टी अक्षरांवर नको. आणि बाहेरची बाजू हवी तशी धुवा, तिकडे फक्त काच आहे.